वार्षिक अहवाल आणि स्वयं-अध्ययन अहवाल

अधिस्वीकृतीची वेळ आली की धर्मशास्त्रीय महाविद्यालयात बहुधा आधी जुने वार्षिक अहवाल बाहेर निघतात. त्यांतला मजकूर जोडला की स्वयं-अध्ययन अहवाल तयार, असा समज असतो. दोन्हींत माहिती तीच असली तरी त्यांचं काम निराळं आहे.

वार्षिक अहवाल मंडळ्यांना आणि देणगीदारांना वर्षभरात काय घडलं ते कळवतो. स्वयं-अध्ययन अहवाल एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनसारख्या अधिस्वीकृती देणाऱ्या संस्थेसाठी असतो. आपण जे करू म्हणालो ते होतंय का, ते कशावरून कळलं आणि कमी पडलं तिथे काय करणार, हे त्यात सांगायचं असतं. तो वाचून समिती भेटीला येते आणि त्यातली विधानं जागेवर पडताळते.

अभ्यासक्रमाचं उदाहरण घेऊ. समजा, एका महाविद्यालयाचं ध्येय ग्रामीण मराठी मंडळ्यांसाठी पाळक घडवणं हे आहे. वार्षिक अहवालात लिहिलं जाईल, ‘बी.टीएच.चे 14 विद्यार्थी उत्तीर्ण झाले.’ स्वयं-अध्ययनात तेवढ्याने भागत नाही. पदवीधराला शास्त्रपाठावरून मराठीत उपदेश तयार करता येतो का, हे कोणत्या विषयात शिकवलं जातं आणि कुठे तपासलं जातं, ते दाखवावं लागतं. तपासताना कळतं की उपदेशशास्त्राची परीक्षा लेखी आणि इंग्रजीत होते. विद्यार्थी रविवारी ज्या मंडळीत सेवेला जातो, तिथल्या पाळकाचा अभिप्राय कुणी मागवतच नाही. म्हणजे 14 जण उत्तीर्ण झाले, पण ध्येय साधलं की नाही याचा पुरावा नाही. हे अहवालात स्पष्ट लिहावं. पुढच्या सत्रापासून मराठी उपदेशाचं प्रत्यक्ष मूल्यमापन होईल, त्याची जबाबदारी कोणत्या प्राध्यापकाकडे आणि प्रवासखर्च कोणत्या तरतुदीतून, हेही. माझ्या मते अहवालातला सर्वांत मोलाचा भाग हाच, आणि संकोचापोटी गाळला जातो तोही हाच.

प्राध्यापकांच्या बाबतीत पदव्यांची यादी वार्षिक अहवालाला पुरते. स्वयं-अध्ययनात ती यादी वेळापत्रकाशेजारी ठेवावी. जुन्या करारात एम.टीएच. केलेले सर पाळकीय समुपदेशनही शिकवतात, शिवाय वसतिगृह सांभाळतात, हे तेव्हाच दिसतं.

कारभाराचा भाग मात्र बऱ्याचदा घटनेतली कलमं उतरवून संपवला जातो. नियामक मंडळ वर्षातून दोनदा भरतं, एवढं सांगून कारभार कळत नाही. अंदाजपत्रकावर मंडळाने चर्चा केली की प्राचार्यांनी मांडलेलं तसंच मंजूर झालं, हे इतिवृत्तात दिसलं पाहिजे. अध्यक्ष बिशप असतील, तर चर्चचा निर्णय आणि महाविद्यालयाचा निर्णय वेगळा कुठे होतो तेही दाखवावं. समिती प्राध्यापकांना आणि मंडळाच्या सदस्यांना वेगवेगळं भेटते. अहवालात ‘प्राध्यापकांच्या सल्ल्याने’ लिहिलंय आणि प्राध्यापकांना तो निर्णय सूचनाफलकावरून कळला, हे तिथे अर्ध्या तासात उघड होतं.