दीड मीटरवरून वाचता येणारं पोस्टर

परिषदेसाठी संशोधनाचं पोस्टर बनवताना आपण स्क्रीनपासून दोन वीत अंतरावर असतो, वाचणारा मात्र बोर्डापासून चांगला दीड मीटर लांब उभा असतो. बहुतेक चुका या फरकातूनच होतात.

समजा, विषय आहे ‘खारट पाण्यात मुगाचं बी कसं उगवतं’. आडव्या ए०चा कागद ११८९ मिमी रुंद असतो. कडेला दोन्हीकडे ३० मिमी आणि रकान्यांमध्ये २५ मिमी मोकळे सोडले, तर तीन रकाने केल्यास प्रत्येकाला साधारण ३६० मिमी मिळतात आणि चार केल्यास २६३ मिमी. २८ पॉइंटचा मजकूर ३६० मिमी रुंदीत टाकला तर ओळ इतकी लांबते की पुढची ओळ शोधताना नजर चुकते. म्हणून या आकाराला चार रकाने. तीनच हवे असतील तर अक्षर ३६ पॉइंटांपर्यंत न्या.

पहिल्या रकान्यात सारांश आणि पद्धत. सारांश परिषदेच्या नियमात असेल तरच ठेवा, तोही पाच-सहा ओळींचा. अख्खं पोस्टर हाच खरं तर सारांश असतो. पद्धतीचा परिच्छेद लिहिण्यापेक्षा बशा, मिठाचं प्रमाण आणि मोजणीच्या वेळा दाखवणारी एक आकृती काढावी. मधले दोन्ही रकाने निष्कर्षांना द्या. मुख्य आलेख नजरेच्या उंचीवर हवा, कारण खालचा भाग वाचायला लोकांना वाकावं लागतं आणि सहसा कुणी वाकत नाही. आलेखावर ‘निष्कर्ष १’ लिहून काय कळणार? ‘मीठ वाढलं तसं उगवणं लांबलं’ असं सरळ लिहावं.

आलेखाची गोची वेगळीच असते. आलेख काढायची पायथन लायब्ररी मॅटप्लॉटलिब मुळात ६.४ इंच रुंद, ६४० पिक्सेलचं चित्र देतं. ते २६० मिमीपर्यंत, म्हणजे सव्वादहा इंचांपर्यंत ताणलं की इंचाला जेमतेम ६२ पिक्सेल उरतात आणि अक्षांवरची १० पॉइंटची अक्षरं १६ पॉइंटांची होतात: लहान आणि वर धूसरही. आलेख सुरुवातीलाच छापायच्या रुंदीचा करावा, अक्षरं २४ पॉइंट ठेवावीत आणि फाइल पीडीएफ किंवा एसव्हीजी स्वरूपात काढावी.

छापण्याआधीची तपासणी स्वस्तातली आहे. ए४ची लांबी-रुंदी ए०च्या बरोबर पावपट. पोस्टर ए४वर छापून ४० सेंमीवर धरलं की डोळ्याला ते १.६ मीटरवरच्या खऱ्या पोस्टरएवढंच दिसतं. २८ पॉइंटचं अक्षर इथे ७ पॉइंटचं होतं, तरी वाचता आलं पाहिजे. जिथे कागद जवळ ओढावासा वाटतो, तिथला मजकूर कापा. अक्षर बारीक करून जागा काढू नका.

याला सूट एकट्या संदर्भांना. शेवटच्या रकान्यात चर्चेखाली, तळाशी, १८-२० पॉइंटात चार-पाच संदर्भ पुरतात. ज्याला ते हवे असतात तो जवळ येऊन वाचतो.