अक्षरे चार, मोजणी अकरा: ओळखपत्रांसाठी नावांची यादी देण्यापूर्वी

ओळखपत्रांच्या यादीत किंवा ऑनलाइन अर्जात मराठी नाव भरले की कधी शेवटची वेलांटी गायब होते, कधी शेवटी प्रश्नचिन्हाचा चौकोन उमटतो. काही वेळा अर्धे नाव भरल्यावरच रकाना ‘मर्यादा संपली’ म्हणतो. छापखान्याचा किंवा फाँटचा दोष असेल असे वाटते, पण बहुतेक वेळा घोटाळा मोजणीत असतो. आपण अक्षरे मोजतो आणि संगणक त्या अक्षरांचे सुटे भाग मोजतो.

‘ज्ञानेश्वरी’ हे नाव घ्या. वाचताना ज्ञा, ने, श्व, री अशी चार अक्षरे दिसतात. पायथॉन या संगणकभाषेला विचारले तर ती असे सांगते:

```python
>>> list("ज्ञानेश्वरी")
['ज', '्', 'ञ', 'ा', 'न', 'े', 'श', '्', 'व', 'र', 'ी']
>>> len("ज्ञानेश्वरी")
11
```

संगणकात लिपीच्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणपद्धतीत ‘ज्ञ’ असे एक चिन्ह नाही. ज, त्याचा पाय मोडणारे हलन्ताचे चिन्ह आणि ञ अशा तीन नोंदी एकापुढे एक ठेवल्या जातात आणि पडद्यावर फाँट त्यांचे जोडाक्षर करतो. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार यांचीही प्रत्येकी वेगळी नोंद होते. अशा प्रत्येक नोंदीला कोड पॉइंट म्हणतात. म्हणून तीन अक्षरांचा ‘मराठी’ पाच भरतो आणि तीनच अक्षरांचा ‘स्वातंत्र्य’ अकरा.

आता समजा, अर्जातल्या नावाच्या रकान्याला `maxlength="10"` अशी मर्यादा आहे. ब्राउझर ती याच नोंदींवर लावतो. ‘ज्ञानेश्वरी’ दुसरीकडून उचलून चिकटवले की पहिल्या दहा नोंदी राहतात आणि अकरावी, म्हणजे शेवटची वेलांटी, मुकाट गळते. उरते ‘ज्ञानेश्वर’. मुलीच्या ओळखपत्रावर मुलाचे नाव छापले जाते, आणि शब्द अगदी शुद्ध असल्यामुळे मुद्रितशोधनातही कोणाला खटकत नाही. मर्यादा आठ असती तर ‘ज्ञानेश्’ असे लंगडे नाव उरले असते आणि चूक लगेच दिसली असती. खरा धोका असतो तो तुटूनही धड दिसणाऱ्या नावाचा.

कोड पॉइंटच्या खाली आणखी एक मोजणी आहे, ती बाइटची. यूटीएफ-८ या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक कोड पॉइंटला तीन. म्हणजे ‘ज्ञानेश्वरी’ ३३ बाइटचे. जुन्या प्रणालीने ते ३२ बाइटवर कापले तर वेलांटीचे तीनपैकी दोनच बाइट उरतात. त्या अर्धवट तुकड्याचा अर्थ लागत नाही, म्हणून तिथे � हे चिन्ह येते. नावाच्या शेवटी हे चिन्ह दिसले तर फाँट बदलत बसू नका. बहुधा नाव बाइटवर कापले गेलेले असते आणि गेलेला भाग मूळ यादीतूनच परत आणावा लागतो.

पूर्ण नावाचा हिशेब करून पाहू. ‘ज्ञानेश्वरी पांडुरंग कुऱ्हाडे’ यात दिसणारी अक्षरे ११ आणि मोकळ्या जागा दोन. कोड पॉइंट मोजले तर ११, ८, ८ आणि दोन मोकळ्या जागा, एकूण २९. बाइट होतात ८३. हेच नाव Dnyaneshwari Pandurang Kurhade असे इंग्रजीत लिहिले तर ३० अक्षरे आणि ३० बाइट. कोड पॉइंटमध्ये मराठी नाव इंग्रजीपेक्षा एकाने लहानच आहे. त्यामुळे ५० चा रकाना कोड पॉइंट मोजत असेल तर मराठी नाव आरामात बसते, पण बाइट मोजत असेल तर इंग्रजी नाव बसते आणि मराठी बसत नाही. ‘इंग्रजी यादी नीट गेली, मराठीच का अडली?’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेकदा इथेच सापडते.

तुमची माहिती साठवणाऱ्या माणसाला म्हणून एवढे विचारा: रकान्याची लांबी बाइटमध्ये आहे की अक्षरांमध्ये? मायएसक्यूएलमध्ये `VARCHAR(50)` म्हणजे ५० कोड पॉइंट. ओरॅकलमध्ये `VARCHAR2(50)` म्हणजे मूळ मांडणीत ५० बाइट, तिथे `VARCHAR2(50 CHAR)` असे लिहावे लागते. पीएचपीत `strlen` बाइट मोजते आणि `mb_strlen` कोड पॉइंट. पूर्ण नावासाठी १०० कोड पॉइंटची जागा ठेवावी असे आमचे मत आहे. त्यापेक्षा काटकसर करून हाती फारसे काही लागत नाही.

मग डोळ्यांना दिसणारी अक्षरे मोजताच येत नाहीत का? येतात, पण एक मेख आहे. ब्राउझरमध्ये हे चालते:

```js
[...new Intl.Segmenter("mr").segment("ज्ञानेश्वरी")].length
```

नव्या ब्राउझरमध्ये उत्तर ४ येते. जुन्यात ६ येते, कारण जोडाक्षर न तोडण्याचा नियम युनिकोडच्या प्रमाण नियमांत २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. त्याआधी ‘ज्ञा’चे ज् आणि ञा असे दोन तुकडे मोजले जात. म्हणून ही मोजणी कार्डावर आद्याक्षर काढायला वापरा, साठवणीची मर्यादा ठरवायला नको. आद्याक्षरासाठी मात्र ती हवीच, कारण एक्सेलमधले `LEFT(A2,1)` ‘ज्ञा’ न देता नुसता ‘ज’ देते.

दुसरी अडचण लांबीतूनच पकडता येते. ‘कुऱ्हाडे’मधला डोळ्यातल्या पापणीसारखा अर्धा र दोन तऱ्हांनी टंकला जातो. एक म्हणजे ऱ आणि हलन्त, तेव्हा शब्द ८ भरतो. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह, तेव्हा ९ भरतो. छापून दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ती दोन वेगळी आडनावे वाटू शकतात आणि शोधात एक सापडते तर दुसरे नाही. त्यातच कोणी ‘अदृश्य चिन्हे साफ करा’ अशी आज्ञा चालवली तर जोडचिन्ह जाते, पापणीचा रफार होतो आणि कार्डावर ‘कुर्हाडे’ उमटते. असाच प्रकार ‘ॲड.’चा. त्यातला ॲ कधी एका नोंदीचा असतो, तर कधी अ आणि वरचा चंद्र अशा दोन नोंदींचा. युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरण, म्हणजे एनएफसी, या दोन्ही जोड्या एक करत नाही. बदल आपणच करावा लागतो. एक्सेलमध्ये नावे ‘अ’ स्तंभात, म्हणजे A मध्ये असतील तर शेजारच्या रकान्यात हे सूत्र द्या:

```
=SUBSTITUTE(A2,"र्"&UNICHAR(8205),"ऱ्")
```

८२०५ हा त्या अदृश्य चिन्हाचा क्रमांक. सूत्रानंतर `LEN` ने लांबी पाहा. ९ चे ८ झाले असतील तर काम झाले. दोन रकाने `=` ने ताडून पाहण्यापेक्षा ही तपासणी भरवशाची, कारण तुलना करताना एक्सेल अदृश्य चिन्हाकडे दुर्लक्ष करू शकते.

छपाईसाठी यादी आम्हाला पाठवताना सीएसव्ही फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा आणि मूळ नावाच्या शेजारी `=LEN(A2)` चा रकाना तसाच राहू द्या. आमच्याकडे फाइल उघडल्यावर आम्ही लांबी पुन्हा मोजतो. तुमचा आकडा ११ आणि आमचा १० आला, तर छपाईआधीच त्या ओळीबद्दल तुम्हाला विचारता येते. युनिकोडपूर्वीच्या जुन्या फाँटमधल्या याद्यांना मात्र यातले काहीच लागू नाही. त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात आणि बदलल्यावर प्रत्येक नाव डोळ्यांखालून घालावे लागते.