गाण्यातली गोमू जाते कुठे?

आमच्या गावच्या जेटीवर संध्याकाळी कुणीतरी मोबाइलवर ‘गोमू माहेरला जाते हो नाखवा’ लावतंच. गाणं सुरू झालं की माणसं मान डोलवतात, चाकरमानी तर डोळेही पुसतात. ‘वैशाख वणवा’ या 1964 च्या चित्रपटातलं हे गाणं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाल दत्ता डावजेकरांची, आवाज पंडित जितेंद्र अभिषेकींचा. चाल इतकी अंगात भिनलेली आहे की शब्द वेगळे काढून वाचायचे म्हटलं तर मनातल्या मनातही ते गायलेच जातात.

त्यावर माझा एक घरगुती उपाय आहे. गाणं कागदावर उतरवायचं, पण शेवटच्या ओळीपासून वर. चाल उलटी चालत नाही, त्यामुळे ती सुटते. मग वरून खाली, सरळ क्रमाने, बातमी वाचावी तसं, सपाट आवाजात वाचायचं. ध्रुवपद एकदाच लिहायचं, कारण गाताना ते परत परत येतं ते चालीसाठी.

असं वाचलं तेव्हा पहिली गोष्ट दिसली ती ही, की गोमू फक्त पहिल्या ओळीत आहे. दुसऱ्या ओळीपासून तिचा घोव आला, म्हणजे नवरा, आणि पुढची दोन कडवी त्याला कोकण दाखवण्यात गेली. माहेर तिचं, पण तिला काय वाटतं यावर एक शब्द नाही. वर्षानुवर्षं ऐकूनही हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

मग ती गेली कुठे? याचा माग क्रियापदांवरून लागतो. ध्रुवपदाच्या आणि पुढे दुसऱ्या-तिसऱ्या कडव्याच्या शेवटी येणारे शब्द पाहा: दाखवा, मापवा, टेकवा. तिन्ही प्रयोजक क्रियापदं, म्हणजे स्वतः करायचं नाही, दुसऱ्याकडून घडवून आणायचं. घोवाने पाहायचं, पण दाखवायचं नाखव्याने. माडांची उंची घोवाने मापायची, पण मापवून घ्यायची नाखव्याने. ‘मापवा’ हे रूप आपण रोजच्या बोलण्यात वापरत नाही, यमकासाठी ते ओढून आणलंय असंच आधी वाटतं. पण तिन्ही शब्द एका ओळीत मांडले की कळतं, गाण्याचा सगळा डोलारा या ‘-वा’वर आहे. गलबत ज्याच्या हातात त्या नाखव्याला कुणीतरी एकामागून एक कामं सांगतंय. सांगणारं कोण, ते मात्र गाणं सांगत नाही.

पहिल्या कडव्यात तीन ओळींना तीन रंग आहेत: खाडी निळी, झाडी हिरवी, अबोलीचा ताटवा भगवा. वास नाही, आवाज नाही, स्पर्श नाही. पाण्यावरून किनारा असाच दिसतो, नुसता डोळ्यांना. फुलांत अबोली निवडली हेही मला नेमकं वाटतं, कारण तिला वासच नसतो. सुरंगी किंवा बकुळ असती तर वाचणाऱ्याचं नाक आधी जागं झालं असतं आणि चित्र होडीतून उठून कुणाच्या तरी अंगणात गेलं असतं.

दुसऱ्या कडव्यातली शहाळ्याची ओळ सगळ्यांना पाठ असते, आणि बहुतेक जण तिचा अर्थ ‘वरून कठीण, आतून गोड’ असा सांगतात. कागदावर तसं काही नाही. ‘काळजात त्यांच्या भरली शहाळी’ एवढंच आहे. काळीज शहाळ्यासारखं आहे असं कवी म्हणत नाही. काळजात शहाळी भरली आहेत म्हणतो, आणि तीही अनेक. वरचा कठीणपणा आपण फणसाच्या म्हणीतून आणून तिथे चिकटवला. उलट त्याआधीच्या ओळीत माणसं साधीभोळी आहेत, वरूनही. काळीज इथे फळ नाही, फळं भरून ठेवायची जागा आहे. म्हणून पुढच्याच ओळीत माड येतो तो उगाच नाही: शहाळी आली, तर ती जिथून उतरवली ते झाडही आलं. आणि त्याची उंची ‘जवळून’ मापायची. खाडीतून माड काडीएवढा दिसतो. बुंध्याशी उभं राहून वर पाहिलं की टोपी पडते.

आता तिसरं कडवं. इथे थोडी मोजणी करावी लागेल, पण ती सोपी आहे. छंदशास्त्रात ऱ्हस्व अक्षर लघु, त्याची एक मात्रा. दीर्घ अक्षर गुरू, त्याच्या दोन. आता या दोन ओळी घ्या:

सोडून दे रे खोड्या साऱ्या
शिडात शीर रे अवखळ वाऱ्या

पहिल्या ओळीत अक्षरं नऊ. त्यातला फक्त ‘न’ लघु, बाकी आठ गुरू. मात्रा झाल्या 17. दुसऱ्या ओळीत अक्षरं बारा: शि, त, र आणि ‘अवखळ’ची चारही, मिळून सात लघु, उरलेली पाच गुरू. मात्रा पुन्हा 17. ओळीला वेळ तेवढाच, पण अक्षरं तीन जास्त. दटावणीची ओळ जड पावलांनी येते आणि वारा शिडात शिरतो ती ओळ धावते.

या मोजणीत एक मेख आहे, ती लपवायला नको. बोलताना आपण ‘अव-खळ’ असे दोनच तुकडे पाडतो, ‘सोडून’चेही दोनच. तसं मोजलं तर दोन्ही ओळींत आठ-आठ तुकडे पडतात आणि वेगाचा फरक मावळतो. तो दिसतो तो प्रत्येक अक्षर पुरतं उच्चारून ओळ म्हटली तरच. शिवाय सगळं गाणं एका मापात नाही: ध्रुवपदाच्या ओळी 22 आणि 18 मात्रांच्या आहेत. ही तूट गाताना चाल भरून काढते. म्हणून मात्रांवरून गीतकाराच्या मनात काय होतं ते ठरवू नये. पानावर काय आहे तेवढंच त्या सांगतात.

शेजारचे तांडेल काका एके काळी शिडाच्या होडीवर होते. त्यांना ही ओळ वाचून दाखवली तर म्हणाले, “खाडयेत वारो कधीच सरळ येणा नाय.” दोन्ही बाजूंना डोंगर, त्यामुळे वारा वळतो, मध्येच पडतो, शीड फडफडतं. ‘खोड्या’ हा शब्द त्यांना अगदी पटला.

या कडव्यात आणखी एक बदल आहे. नाखव्याला अहो-जाहो चालू होतं, वाऱ्याला एकदम ‘अरे’. मग शेवटच्या ओळीत पुन्हा नाखव्याकडे वळून ‘झणी’ गलबत टेकवायला सांगितलंय. झणी म्हणजे चटकन, जुन्या कवितेतला शब्द. आधीची दोन कडवी कशी निवांत होती: हे दाखवा, ते मापवा. खाडी दाखवायची असेल तर होडी रेंगाळलेलीच बरी. पाहुण्याला घाई असायचं कारण नाही, नाखव्याचा तर हा रोजचा धंदा. होडीत घाई असणारं माणूस एकच आहे, आणि त्याचं नाव पहिल्या ओळीत येऊन गेलंय.