सप्लायरच्या स्टेटमेंटशी लेजर जुळवताना: फरक नेमका कुठे सापडतो

वर्षअखेर आली की सप्लायरचा मेल येतो, "आमच्याकडे तुमचा बॅलन्स ४,६१,२५० दिसतोय, कन्फर्म करा", आणि तुमच्या ईआरपीत त्याच सप्लायरचा बॅलन्स असतो २,८७,९१२. फरक १,७३,३३८. अशा वेळी बरेच जण काय करतात, एकच जर्नल एन्ट्री मारून बॅलन्स सारखा करून टाकतात. कृपया असं करू नका, कारण त्या एका रकमेत चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि त्यातल्या निम्म्या तर सप्लायरने दुरुस्त करायच्या असतात.

आधी आपण आणि सप्लायर दोघांचा बॅलन्स शेवटचा कधी जुळला होता ती तारीख शोधा आणि तिथूनच पुढचं स्टेटमेंट एक्सेलमध्ये मागवा. ओपनिंग बॅलन्सच वेगळा असेल तर यंदाच्या एन्ट्र्या कितीही टिक केल्या तरी फरक राहणारच. मग बिलं रकमेवरून नाही, सप्लायरच्या बिल नंबरवरून जुळवा. ईआरपीनेक्स्टमध्ये त्यासाठी `Supplier Invoice No` हे फील्ड आहे, ते रिकामं सोडलं किंवा कुणी नुसतं "८१७" आणि कुणी पूर्ण सिरीजसकट नंबर टाकला की जुळवणी तिथेच अडकते, म्हणून बिलावर आहे तसाच पूर्ण नंबर टाकायची सवय स्टाफला लावा. त्यांच्या लेजरला जे डेबिट ते आपल्याकडे क्रेडिट, हे नवीन मुलांना एकदा सांगून ठेवा.

आता वरचाच फरक सोडवून बघू. समजा भोसरीतलं एक मशीन शॉप आहे, कोल्हापूरहून कास्टिंग घेतं.

पहिले ५९,०००. माल २८ मार्चला आला, स्टोअरने जीआरएन केला, पण बिल अप्रूव्हलसाठी ड्राफ्टमध्येच पडून राहिलं. ड्राफ्ट लेजरला येत नाही. स्टॉक मात्र वाढलेला असतो, आणि ही रक्कम `Stock Received But Not Billed` खात्यात बसलेली असते, तिथे ती ५०,००० दिसेल कारण जीएसटीचे ९,००० बिल सबमिट झाल्यावरच येतात. म्हणून स्टेटमेंट जुळवायला बसण्याआधी हे खातं उघडून बघाच.

दुसरे १,८८८. पीओचा रेट ९२, बिलात ९६, नग ४००. ऑपरेटरने बिल पीओच्या रेटने चढवलं, म्हणजे १,६०० अधिक १८ टक्के जीएसटी एवढं कमी. आमचं स्पष्ट मत आहे की बिल सप्लायरने दिलंय तसंच चढवावं, नाहीतर पोर्टलवरच्या टू-बीशी टॅक्सही जुळत नाही, आणि रेट मान्य नसेल तर फरकाची वेगळी डेबिट नोट काढावी. इथे परचेसवाल्यांनी फोनवर वाढ मान्य केली होती, म्हणून दुरुस्ती आपल्याकडे.

तिसरे ११,८००, रिजेक्शनची डेबिट नोट. सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या. आपण डेबिट नोट पोस्ट केली की आपलं देणं कमी होतं, पण जीएसटीत सप्लायरचा टॅक्स कमी होतो तो त्याच्या क्रेडिट नोटने, आणि ती त्याने वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत दाखवायची असते (वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर तेव्हापर्यंतच). उशीर झाला की तो म्हणतो, "आता फक्त बेसिक देतो", आणि १,८०० वरून भांडण सुरू होतं. त्याच्या स्टेटमेंटमध्ये शोधताना आपला डेबिट नोट नंबर सापडत नाही, कारण तो स्वतःच्या क्रेडिट नोटचा नंबर टाकतो, तारीखही वेगळी असते, तेव्हा मूळ बिलाचा नंबर धरून शोधा, आणि ११,८०० ऐवजी १०,००० ची एन्ट्री आहे का तेही बघा.

चौथे ६५०, टीडीएस. मागच्या वर्षीचा आपला टर्नओव्हर १० कोटींच्या वर आणि त्या सप्लायरकडून खरेदी ५० लाखांच्या पुढे गेली की पुढच्या खरेदीवर ०.१ टक्का कापला जातो, इथे ६,५०,००० वर. सप्लायर बँकेत आली तेवढीच रक्कम चढवतो आणि टीडीएस राहून जातो. छोट्या छोट्या न जुळणाऱ्या रकमा दर महिन्याला दिसल्या की पहिला संशय यावर घ्या.

राहिले १,००,०००. चेक आपण ३१ मार्चला दिला, त्याने ३ एप्रिलला जमा केला. यात दुरुस्ती काहीच नाही, फक्त एप्रिलच्या स्टेटमेंटमध्ये तो आलाय का बघायचं. नसेल आला तर त्याने तो दुसऱ्याच पार्टीच्या खात्यात टाकलेला असू शकतो, एनईएफटी असेल तर यूटीआर नंबर पाठवून विचारा.

आता बेरीज करा. आपल्या २,८७,९१२ मध्ये ५९,००० आणि १,८८८ मिळवले की ३,४८,८००. त्यांच्या ४,६१,२५० मधून ११,८००, ६५० आणि १,००,००० वजा केले की तेही ३,४८,८००. कन्फर्मेशनवर सही करताना हा आकडा आणि सप्लायरने करायच्या तीन एन्ट्र्यांची यादी सोबत जोडा, आणि क्रेडिट नोट कोणत्या महिन्यात दाखवणार ते मेलवर लिहून घ्या.