स्वाइप केलं की मागची स्लाइड गेलीच

मागे एकदा मी लिंक्डइनवर डॉक्युमेंट पोस्ट टाकली होती. म्हणजे पीडीएफ चढवायची आणि लोक फीडमधेच एकेक पान सरकवत वाचतात तो प्रकार, ज्याला आता सगळे सरसकट कॅरूसेलच म्हणतात. विषय होता पंपातलं कॅव्हिटेशन, म्हणजे पंपात पाण्याचे बुडबुडे होऊन फुटणं, स्लाइड चौदा, रंग वगैरे छान जुळवलेले. लाइक्स आले की भरपूर, पण कोणाचे, तर विद्यार्थी, रिक्रूटर आणि माझे जुने वर्गमित्र. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला ते पंप चालवणारे, दुरुस्त करणारे लोक, त्यातलं कुणी फिरकलंच नाही. ओळखीच्या एका मेंटेनन्सवाल्याला शेवटी विचारलं, तर म्हणाला, "अरे तिसरी स्लाइड आली तरी तू सेंट्रिफ्युगल पंप म्हणजे काय तेच सांगतोयस, मी गेलो पुढे."

मग मी जरा शोधाशोध केली की असं पानापानाने सांगितलेलं डोक्यात नेमकं जातं कसं, आणि बरंच काही सापडलं जे मी उलटं करत होतो.

सुरुवात त्यातल्या जुन्या प्रयोगापासून करतो. २००१ मध्ये रिचर्ड मेयर आणि पॉल चँडलर यांनी विद्यार्थ्यांना वीज कशी पडते त्याचं एक छोटं अ‍ॅनिमेशन दाखवलं, साधारण सव्वादोन मिनिटांचं. काहींना सलग, काहींना १६ तुकड्यांत, आणि प्रत्येक तुकडा संपला की पुढे जायचं बटण त्यांच्याच हातात. चित्रं तीच, शब्द तेच. पाठ किती राहिलं यात मोठा फरक नव्हता, पण "आकाशात ढग आहेत आणि वीज नाही, असं का होईल?" अशा टाइपचे डोकं चालवायला लावणारे प्रश्न विचारले तेव्हा तुकड्यांत बघणारे सरस ठरले. कारण साधं आहे, एका वेळी आपण डोक्यात जेमतेम चारेक गोष्टी धरून ठेवू शकतो (नेल्सन कोवन यांनी त्याच वर्षी मांडलेला अंदाज), आणि थांबायला मिळालं की त्या चार सुट्या गोष्टींची एक मोळी बांधून होते, मग पुढच्यासाठी जागा रिकामी.

कॅरूसेलमधला अंगठा म्हणजे तेच बटण. इथपर्यंत सगळं आपल्या बाजूने आहे.

गोची पुढे आहे. स्वाइप केलं की मागचं पान नजरेआड होतं, आणि कागदावर जसं आपण सहज वर डोळा टाकून "मघाशी काय म्हटलं होतं" बघतो तसं इथे कुणी मागे जात नाही, माझा तरी अंगठा जात नाही. म्हणजे चौथ्या स्लाइडवरचा आकडा सातव्या स्लाइडवर लागणार असेल तर तो मधल्या दोन स्लाइड वाचकाने डोक्यात उचलून न्यायचा, त्या चारपैकी एक जागा अडवून. माझ्या चौदा स्लाइडवाल्या पोस्टमधे एक सूत्र पाचवर होतं, त्यातल्या अक्षरांचे अर्थ सहावर आणि उदाहरण नऊवर. आता बघताना लाज वाटते.

म्हणून दुसऱ्यांदा करताना मी आधी विषयच कापला. कॅव्हिटेशन नाही, तर फक्त एवढंच: थंड पाण्यावर बिनतक्रार चालणारा पंप तेच पाणी गरम झालं की खडखडायला का लागतो. पंप पाणी "ओढतो" असं आपण म्हणतो पण खरं तर टाकीतल्या पाण्यावर बसलेली हवा ते पंपाकडे ढकलते. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाण्याच्या उंचीत मोजला तर साधारण १०.३ मीटर, एवढंच आपलं भांडवल. टाकीतलं पाणी पंपाच्या २ मीटर खाली आहे, ते २ गेले. पाइप, फूट व्हॉल्व्ह, बेंड यांच्या घर्षणात १ गेला. आणि पाण्याचा स्वतःचा बाष्पदाब, म्हणजे त्याची वाफ होऊ नये म्हणून लागणारा दाब, जो २० अंश सेल्सिअसला जेमतेम ०.२ मीटर असतो. उरले ७.१. पंपाला लागतात समजा ३, म्हणजे मजा आहे. आता पाणी ८० अंशांवर न्या, बाकी काहीच बदलू नका, तर बाष्पदाब एकटाच ४.८ मीटर खातो आणि उरतात फक्त २.५. पंपाला ३ हवेत. मग इम्पेलरच्या, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकाच्या, तोंडाशी पाणी चक्क उकळतं, बुडबुडे पुढे जास्त दाबात जाऊन फुटतात, आणि पंपात कुणी खडी टाकल्यासारखा आवाज येतो. या उरलेल्या मीटरांना पंपवाले एनपीएसएच म्हणतात, उपलब्ध असलेला तो एनपीएसएचए आणि पंपाला लागणारा तो एनपीएसएचआर.

हे सात स्लाइडमधे बसलं, आणि बसवताना एकच युक्ती वापरली. १०.३ मीटरचा एक उभा खांब काढला आणि तोच खांब स्लाइड दोनपासून सहापर्यंत ठेवला. प्रत्येक स्लाइडवर त्यातला एक तुकडा कापला जातो, कापलेल्या तुकड्यावर त्याचं नाव आणि आकडा, आधीचे कापलेले तुकडे फिकट करून तिथेच. वाचकाला काहीही उचलून न्यायचं नाही, सगळा हिशोब दर पानावर पुन्हा समोर.

पण पहिल्या ड्राफ्टमधे यातही घोळ झालाच. २० अंश आणि ८० अंश या दोन स्लाइड मी बायकोला दाखवल्या तर ती म्हणाली दोन्ही सेमच आहेत ना. खांबातला मोठा तुकडा डोळ्यांदेखत बदललेला, आणि सेम! याचं उत्तर १९९७ च्या एका प्रयोगात आहे. रोनाल्ड रेन्सिंक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एकच फोटो दोन रूपांत, एका मोठ्या फरकासकट, आलटून पालटून दाखवला, मधे फक्त क्षणभर कोरा पडदा. लोकांना तो फरक शोधायला कितीतरी वेळ लागला, विमानाचं अख्खं इंजिन गायब असलं तरी. एरवी काही बदललं की तिथे हालचाल होते आणि नजर आपोआप तिकडे जाते, पण मधे पडदा आला की सगळंच बदलल्यासारखं होतं आणि खरी जागा लपते. स्वाइप करताना अख्खं चित्र सरकतं, म्हणजे तोच पडदा झाला. त्यामुळे आता मी दोन गोष्टी पाळतो, न बदललेलं सगळं एकाच जागी आणि राखाडी ठेवायचं, आणि जे बदललं त्यालाच रंग द्यायचा, पूर्ण पोस्टमधे तो रंग दुसऱ्या कशालाच नाही.

अक्षरांचं तर वेगळंच. लॅपटॉपवर सगळं झकास दिसतं हो. १०८० पिक्सेल रुंद स्लाइड फोनवर साधारण साडेसहा सेंटिमीटरमधे मावते, म्हणजे एक पिक्सेल जवळपास ०.०६ मिलिमीटर. वाचनाचा वेग कधी पडतो यावर गॉर्डन लेगी आणि चार्ल्स बिगेलो यांनी २०११ मध्ये जे मांडलंय त्यानुसार छोट्या रोमन अक्षराची उंची डोळ्याशी सुमारे ०.२ अंशाचा कोन करते तिथपर्यंत वेग टिकतो, त्याखाली घसरतो. फोन ३५ सेंटिमीटरवर धरला तर तो होतो १.२ मिलिमीटर. छोटं अक्षर फॉन्ट साइझच्या साधारण निम्मं असतं, तेव्हा हिशोब येतो ४० पिक्सेलचा. माझी लेबलं होती २४ ची! देवनागरीत वर वेलांटी, खाली उकार, जोडाक्षरं, त्यामुळे मी सरळ ४८ च्या वरच राहतो. आणि ४८ ने लिहायला गेलं की कळतं एका स्लाइडवर पंचवीस-तीस शब्दांपुढे काही मावत नाही, मग आपोआप काटछाट होते.

आता त्या मेंटेनन्सवाल्याच्या तक्रारीकडे येतो, कारण ती अगदी बरोबर होती. स्लावा कल्युगा, जॉन स्वेलर वगैरे मंडळींनी दाखवलंय की नवख्याला जे समजावणं मदत करतं तेच जाणत्याला आडवं येतं, याला ते एक्स्पर्टीज रिव्हर्सल म्हणतात. जाणत्याच्या डोक्यात मोळी आधीच बांधलेली असते, ती तुम्ही त्याच्यासमोर पुन्हा सोडून काडी-काडी दाखवायला लागलात की त्याला ते सगळं वाचून आपल्या माहितीशी ताडून बघावं लागतं, फुकटचं काम. म्हणजे "सगळ्यांसाठी" असं कॅरूसेल होतच नाही, पहिल्या स्लाइडलाच ठरवायचं कोणासाठी.

माझी जुनी पहिली स्लाइड होती "कॅव्हिटेशन समजून घेऊया!". नवीन होती: "पंप तोच, लाइन तीच. पाणी ८० अंशांवर गेलं आणि खडी वाजायला लागली. ४.६ मीटर कुठे गेले?" यात सेंट्रिफ्युगल पंप म्हणजे काय हे कुठेच नाही. ज्याने तो आवाज ऐकलाय तो थांबतो, ज्याने नाही तो पुढे जातो आणि जाऊ दे. कॉमन विषय घेऊन मोठा जमाव गोळा करणं सोपं आहे, पण लिंक्डइनच्या इंजिनिअर लोकांनी २०२० मध्येच लिहिलंय की माणूस पोस्टवर किती वेळ थांबला हेही त्यांचं रँकिंग बघतं, आणि उत्सुकतेने थांबलेला नि गोंधळून थांबलेला, दोघांचा वेळ सारखाच मोजला जातो. त्यामुळे मी तो आकडा फारसा बघतच नाही, कमेंट बघतो. "खूप छान माहिती" ही कमेंट मला काहीच सांगत नाही. कुणी स्वतःच्या पंपाचे आकडे टाकले, किंवा चूक काढली, की समजायचं पोचलं.

आणि चूक निघालीच. सातव्या स्लाइडवर मी लिहिलं होतं, "उपलब्ध एनपीएसएच हा लागणाऱ्यापेक्षा जास्त असेल तर कॅव्हिटेशन नाही." दोन तासांत एका रोटेटिंग इक्विपमेंटवाल्याने लिहिलं की साहेब, उत्पादक जो एनपीएसएचआर देतो तो मोजतातच मुळी कॅव्हिटेशनमुळे पंपाचा हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची, ३ टक्के पडलेला असताना, म्हणजे त्या आकड्याला बुडबुडे आधीच सुरू झालेले असतात, वर थोडी जागा सोडावीच लागते. शंभर टक्के बरोबर. त्याच्याखाली आणखी दोघं, किती जागा सोडायची यावर वाद घालत, एक म्हणतोय अर्धा मीटर पुरे, दुसरा म्हणतोय गरम पाण्याला वेगळं धरा.

मी पीडीएफ बदलायला गेलो तर कळलं की पोस्ट झाल्यावर मजकूर एडिट होतो, पण आतली फाइल बदलता येत नाही. मग वरच्या मजकुरात "सातवी स्लाइड चूक आहे, पहिली कमेंट वाचा" असं टाकलं आणि वाद चालू दिला.