शेवटची दोन अक्षरं: पार्सल कुठल्या टपालातून निघालं?

ठाण्यातून केलेल्या स्पीड पोस्टची एखादी पावती घरात असेल तर काढून बघा. ट्रॅकिंग नंबर तेरा जागांचा असतो. आधी दोन अक्षरं, मग नऊ आकडे आणि शेवटी IN. जागतिक टपाल संघाच्या S10 या मानकातली हीच मांडणी परदेशातून टपालाने येणाऱ्या पाकिटांवरही दिसते, फक्त शेवटची दोन अक्षरं बदलतात.

समजा, घोडबंदर रोडवरच्या एका घरी शेन्झेनच्या विक्रेत्याकडून घड्याळाचा पट्टा यायचा आहे आणि नंबर मिळालाय `RB407162587SG`. सुरुवातीचा R म्हणजे रजिस्टर्ड. शेवटचं SG म्हणजे सिंगापूर. माल चीनचा, मग सिंगापूर कुठून आलं? विक्रेत्याने फसवलं असं लगेच समजू नका. पुष्कळ विक्रेते पाकिटं एकगठ्ठा दुसऱ्या देशात पाठवतात आणि तिथल्या टपालाच्या हवाली करतात. नंबर त्या टपालाचा असतो. म्हणजे ही अक्षरं नंबर कुठल्या देशाच्या टपालाचा ते सांगतात. वस्तू कुठे बनली किंवा दुकान कुठे आहे, ते नाही. शेन्झेन ते सिंगापूर हा टप्पा या नंबरावर बहुधा दिसतच नाही, त्यामुळे सुरुवातीचे काही दिवस ट्रॅकिंग कोरं राहतं.

अक्षरं वाचताना घोटाळा होतो तो अंदाजाने. CH म्हणजे चीन नव्हे, स्वित्झर्लंड. चीनचं CN. ब्रिटनचं UK नाही, GB. जर्मनीचं DE, कारण जर्मन लोक आपल्या देशाला डॉइचलँड म्हणतात. शेवटी YP दिसलं तर देश शोधत बसू नका. त्या नावाचा देशसंकेतच नाही, ते खासगी वाहतूकदाराने टपालाच्या धर्तीवर बेतलेलं असतं.

नऊ आकड्यांतला शेवटचा हा पडताळ्याचा. आधीच्या आठांना अनुक्रमे 8, 6, 4, 2, 3, 5, 9, 7 ने गुणून बेरीज करायची. आपल्या नंबरात ती 191 येते. 11 ने भागल्यावर बाकी 4, आणि 11 मधून 4 गेले की 7. नंबरातही 7च आहे, म्हणजे आकडे बरोबर उतरवलेत. (उत्तर 10 आलं तर 0 लिहितात, 11 आलं तर 5.) 62 च्या जागी 26 टाइप झालं असतं तर हा हिशेब जुळला नसता.

पण या हिशेबात अक्षरं धरलेलीच नाहीत. SG ऐवजी SE लिहिलं तरी पडताळा बिनचूक येईल आणि तुम्ही स्वीडनच्या टपालात पाकीट शोधत बसाल. तेच नऊ आकडे दुसऱ्या देशाच्या टपालानेही वापरलेले असू शकतात. म्हणून आकडे जुळूनही माहिती भलत्याच पाकिटाची दिसली, तर आधी शेवटची दोन अक्षरं विक्रेत्याच्या मेसेजशी ताडून बघा.