उपविधीला आव्हान द्यायचे आहे? आधी मूळ कलम उघडा

पालिकेची नोटीस घेऊन येणारे बहुतेक पक्षकार पहिले वाक्य एकच बोलतात: "हा नियम अन्यायाचा आहे." त्यांचे म्हणणे पुष्कळदा खरेही असते. पण न्यायालयात उपविधी, म्हणजे बायलॉ, टिकतो की पडतो हे ठरवताना अन्याय हा सर्वांत अवघड मुद्दा ठरतो. त्याआधी दोन सोपे प्रश्न विचारायला हवेत. हा उपविधी करण्याचा अधिकार मूळ कायद्याने दिला होता का? आणि त्यात काय करू नये ते नीट सांगितले आहे का? आमच्या कार्यालयात आम्ही याच क्रमाने जातो. तो का, ते या पत्रकात सांगत आहोत.

मूळ कायद्याशी ताळमेळ

पालिकेला स्वतःचा असा कायदे करण्याचा अधिकार नसतो. विधिमंडळाने केलेल्या अधिनियमातले एखादे कलम तिला अमुक विषयांवर उपविधी करायला परवानगी देते. त्या कलमाची कुंपणे ओलांडली की उपविधी कितीही उपयोगी असला तरी अधिकाराबाहेरचा ठरतो. राज्य सरकारने त्याला मंजुरी दिलेली असली, तरी मंजुरीमुळे नसलेला अधिकार निर्माण होत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये निकाली काढलेले मोहम्मद यासीन विरुद्ध जलालाबाद नगरक्षेत्र समिती हे प्रकरण यासाठी उत्तम आहे. जलालाबाद हे उत्तर प्रदेशातले छोटे गाव. याचिकाकर्ता भाजी आणि फळांचा घाऊक व्यापारी होता. समितीने उपविधी करून घाऊक विक्रीवर ठरावीक फी लावली. ती भरल्याशिवाय धंदा करता येणार नव्हता. न्यायालयापुढे व्यापाऱ्याने जगण्याच्या हक्काची गाऱ्हाणी मांडली असतील असे वाटेल, पण निकालाचा कणा वेगळा आहे. समितीला लागू असलेल्या १९१६ च्या नगरपालिका कायद्याचे कलम २९३ न्यायालयाने शब्दशः वाचले. त्या कलमाने फी घेण्याची मुभा दिली होती ती समितीच्या ताब्यातली किंवा तिच्या व्यवस्थेखालची स्थावर मालमत्ता, म्हणजे रस्ता किंवा सार्वजनिक जागा, वापरण्याबद्दल. उपविधीतली फी मात्र व्यापारी अशी जागा वापरो वा न वापरो, प्रत्येक घाऊक व्यापाऱ्यावर सरसकट होती. एवढ्यावर उपविधी पडला. आणि तो पडल्यावर, वैध कायद्याचा आधार नसलेली ती फी धंदा करण्याच्या मूलभूत हक्कावरचे बेकायदा बंधन ठरली. मूलभूत हक्काचा मुद्दा जिंकला, पण तो मूळ कलमाच्या वाचनातून जिंकला.

म्हणून नोटीस हातात पडली की आम्ही उपविधीच्या प्रस्तावनेतला कलमाचा उल्लेख शोधतो आणि ते कलम शेजारी ठेवून दोन्हीतले शब्द ताडून पाहतो. कलमात "वापराबद्दल" असेल आणि उपविधीत "विक्रीबद्दल" असेल, तर तिथे थांबायचे. कलमात "नियमन" असेल आणि उपविधीने सरळ बंदी घातली असेल, तर तिथेही थांबायचे. नियमन करण्याच्या अधिकारात पूर्ण बंदी सामावते का, हा मोठा वादाचा विषय असतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. मूळ कायद्यात नसलेली अट उपविधीत आहे एवढ्याने विसंगती होत नाही. नवे काही सांगण्यासाठीच उपविधी असतो. कायद्याने स्पष्ट दिलेली मोकळीक उपविधी काढून घेतो किंवा कायद्याने मना केलेले करायला लावतो, तेव्हा विसंगती होते.

शब्द नेमके आहेत का?

दंड होऊ शकतो असा नियम वाचून माणसाला आधीच कळले पाहिजे की काय केले तर दंड होईल. इंग्लंडमधले दोन जुने निकाल शेजारी ठेवले की हा मुद्दा स्पष्ट होतो. नॅश विरुद्ध फिनले या १९०१ च्या प्रकरणात उपविधी म्हणत होता की रस्त्यावरच्या येणाऱ्या-जाणाऱ्यांना कोणी जाणूनबुजून त्रास देऊ नये. त्रास कशाचा, किती, कोणाच्या दृष्टीने, हे काहीच नव्हते. तो अनिश्चिततेमुळे रद्द झाला. त्याआधी १८९८ मध्ये क्रूस विरुद्ध जॉन्सन या प्रकरणातल्या उपविधीनेही रस्त्यावरच्या त्रासालाच हात घातला होता. पण त्यात सांगितले होते की राहत्या घरापासून पन्नास यार्डांच्या आत, पोलिसाने किंवा घरातल्या माणसाने थांबायला सांगितल्यावरही, कोणी गाऊ-वाजवू नये. अंतर आहे, इशारा आहे, तो कोण देणार तेही आहे. तो टिकला.

मात्र शब्दाचे दोन अर्थ निघतात म्हणून उपविधी रद्द होईल, अशी आशा धरू नका. न्यायालय त्यातला समंजस अर्थ निवडते. कुठलाच ठरवता येण्याजोगा अर्थ निघत नसेल, तेव्हाच तो पडतो. दोन अर्थ निघत असतील तर त्याचा उपयोग वेगळा आहे: दंडाचा नियम असेल तर तुमच्या बाजूचा अर्थ धरावा, असा युक्तिवाद करता येतो. उपविधी तसाच राहतो, पण तुमच्यावरचा दंड टळू शकतो. पक्षकाराला पुष्कळदा हवे असते तेवढेच.

वाजवीपणा: सर्वांत अरुंद दार

क्रूस प्रकरणात मुख्य न्यायमूर्ती लॉर्ड रसेल यांनी घालून दिलेली कसोटी आजही वापरात आहे. लोकनियुक्त संस्थेचे उपविधी न्यायालयाने सद्भावाने वाचावेत. न्यायाधीशाला नियम शहाणपणाचा वाटत नाही म्हणून तो रद्द करू नये. उपविधी वेगवेगळ्या वर्गांना पक्षपाताने, असमान लागू होत असेल, उघड अन्यायकारक असेल, दुष्ट हेतूने केलेला असेल, किंवा लोकांच्या हक्कांत इतका जाचक हस्तक्षेप करत असेल की समंजस माणसाला त्याचे समर्थनच करता येणार नाही, तरच तो अवाजवी.

हे दार अरुंद आहे, बंद नाही. आर्लिज विरुद्ध इस्लिंग्टन या १९०९ च्या प्रकरणात उपविधीने घरमालकावर दरवर्षी भाडेकऱ्यांच्या घराची साफसफाई करून घेण्याची सक्ती केली होती. पण भाडेकराराने मालकाला आत जाण्याचा हक्कच दिला नसेल, तर नियम पाळायला त्याला बेकायदा घुसावे लागले असते. उपविधी अवाजवी ठरला. आमच्या मते वाजवीपणाचा सर्वांत भक्कम मुद्दा हाच: नियम कडक आहे हे नव्हे, तर कायदा न मोडता तो पाळताच येत नाही हे दाखवणे. भारतात याच्या जोडीला संविधानातल्या समानतेच्या आणि धंद्याच्या हक्काच्या कसोट्या मिळतात, त्यामुळे इथे दार थोडे अधिक उघडते.

आमच्याकडे येताना

एकच पोटकलम दोषी असेल आणि ते काढल्यावर उरलेला उपविधी अर्थपूर्ण राहत असेल, तर न्यायालय तेवढेच तोडते. त्यामुळे तुमच्यावर नेमके कोणते पोटकलम लावले आहे ते आधी कळायला हवे. नोटिशीबरोबर उपविधीची पूर्ण, राजपत्रात प्रसिद्ध झालेली प्रत आणा. पालिकेच्या माहितीपुस्तिकेतला सारांश चालत नाही. मसुद्यावर हरकती मागवल्या होत्या का, मंजुरी कधी मिळाली, याचे कागद माहिती अधिकारात मागता येतात.

आव्हान द्यायचे ठरले तरी नोटिशीचे उत्तर मुदतीत द्या. उपविधी अवैध आहे असे वाटते म्हणून गप्प बसणाऱ्याचा परवाना दरम्यान थांबू शकतो. फी भरावीच लागली तर "हरकत कायम ठेवून भरणा" असे लेखी कळवून पोच घ्या. उपविधी पुढे रद्द झाला तरी भरलेले पैसे आपोआप परत येत नाहीत, आणि परताव्याच्या मागणीत ते पत्र उपयोगी पडते.